पालकाचा रंग, झाकण आणि आमच्या वन्सं

प्रश्न: पालक पनीरची ग्रेव्ही हॉटेलसारखी हिरवीगार का राहत नाही? माझी करतानाच काळपट होते आणि डब्यात दुपारपर्यंत तर अगदी शेवाळी.

तुम्ही नक्की कुकरमध्ये शिजवत असणार. मीही तेच करायचे, आणि त्याची किंमत पंचवीस माणसांसमोर मोजली आहे.

दिराच्या केळवणाला पालक पनीर माझ्याकडे होतं. आठ जुड्या निवडल्या, धुतल्या आणि कांदा-टोमॅटोसकट मोठ्या कुकरमध्ये कोंबल्या. एक शिटी काढली. मग पाहुण्यांचा चहा झाला, कुकर आपोआप पडेपर्यंत कोणी हात लावला नाही. गरम गरमच मिक्सरला फिरवलं. पातेल्यात ओतलं तर रंग भिजवलेल्या मेंदीचा. मोठ्या वन्संनी डाव फिरवून बघितला आणि भर पंगतीत म्हणाल्या, "पालक आहे की नवरीच्या हाताला लावायचंय?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

पुढे दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर त्यांचा पालक पोपटासारखा हिरवा. विचारलं तर म्हणाल्या, "झाकण ठेवायचं गं. उघडं शिजवलं की सत्त्व वाफेवाटे जातं, रंगही जातो." मी घरी येऊन झाकण ठेवून करत राहिले आणि मेंदी होत राहिली. खरं काय ते मला नंतर त्यांच्या ओट्यामागच्या कपाटात दिसलं. खायचा सोडा. चिमूटभर नाही, चांगला पाव चमचा.

तर आधी सोड्याबद्दल. सोड्याने रंग राहतो हे खरं आहे, पण पान लिबलिबीत होतं, तोंडात साबणासारखी चव येते आणि क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं ते वेगळंच. ओळखायचं कसं? उकळलेलं पाणी बघा. साध्या पाण्यात मिनिटभर उकळलेल्या पालकाचं पाणी फिकट असतं, सोड्याचं पाणी स्वतःच हिरवंगार होतं. मी तरी सोडा घालत नाही.

पालक काळपट का होतो? हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. पानात आंबटपणाही असतोच, पण कच्च्या पानात तो वेगळ्या कप्प्यात असतो. शिजताना कप्पे फुटतात, आम्ल बाहेर येतं, मॅग्नेशियमला उठवतं आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. झाली मेंदी. हे सगळं उष्णता आणि वेळ यांवर चालतं. कुकरमध्ये मी दोन्ही भरपूर दिले, पाणी जवळजवळ नव्हतंच, वर टोमॅटोचं जास्तीचं आम्ल, आणि झाकण तर घट्ट लावलेलं. पानातल्या आम्लापैकी काही वाफेबरोबर उडून जातं. झाकण असलं की ते थेंब होऊन परत पातेल्यात पडतं. वाफेवाटे "सत्त्व" जात नाही वन्सं, नकोसं आम्ल जातं. लोह काही उडत नाही.

आता मी करते ते असं. एका जुडीला, म्हणजे निवडून साधारण पाव किलो पानांना, तीन लिटर पाणी. कंजुषी करू नका. पाणी जास्त असलं की आम्ल पातळ होतं आणि पाला पडल्यावर उकळी फार बसत नाही. पाणी खळखळून उकळू द्यायचं, चवीला मीठ टाकायचं, पाला दोन हप्त्यांत सोडायचा आणि झाऱ्याने खाली दाबायचा. पहिल्या काही सेकंदांत पान एकदम उजळतं, कच्च्यापेक्षाही हिरवं दिसतं, कारण पेशींमधली हवा निघून जाते. बरेच जण तिथे खूश होऊन गप्पा मारायला लागतात. कोवळ्या पानांना चाळीस सेकंद, जाड देठांच्या जून पालकाला एक मिनिट, बास.

शेजारी परातीत दीड लिटर गार पाणी आणि एक ट्रे बर्फ आधीच तयार हवा. झाऱ्याने उचललेला पाला थेट त्यात. चाळणीत ओतून "निथळतोय तोवर बर्फ काढते" असं केलंत तर मधला गोळा आपल्याच उष्णतेने शिजत राहतो. गोळ्यात बोट घालून बघा, आत कोमट लागला तर अजून हलवा. गार झाला की लगेच काढून घट्ट पिळा. मिक्सरमध्ये गारच फिरवा, बर्फाचे दोन खडे टाकले तरी चालतात.

मसाला वेगळा परतायचा. मी टोमॅटो घालत नाही, तुम्हाला हवाच असेल तर थोडा, तेल सुटेपर्यंत परतलेला. पालक सगळ्यात शेवटी, उघड्या कढईत दोन-तीन मिनिटं. लिंबू ताटात.

झाकणाबद्दल एक कबूल करायला हवं. एका रविवारी मी मुद्दाम एकच जुडी दोन सारख्या पातेल्यांत अर्धी अर्धी उकळली, एकावर झाकण, एक उघडं. मिनिटभराने काढलेल्या पानांत मला काहीच फरक दिसला नाही. सात मिनिटांनी झाकणाचा पाला शेवाळी झाला होता, उघडा त्याहून बरा, पण तोही मळकाच. म्हणजे खरा वैरी वेळ आहे, झाकण त्याचा साथीदार. वन्संना फोटो पाठवले. उत्तर आलं, "पातेली छान आहेत, कुठून घेतली?"

हे सगळ्या पालेभाज्यांना लावू नका. मेथी आणि शेपू फोडणीत उघड्या कढईत पटकन परतले तरी पुरे, पाण्यात उकळलात तर वासच जाईल. चुका आणि अंबाडी स्वतःच इतक्या आंबट की बर्फाची लादी आणली तरी तपकिरी होणार. अळूला तर हिरवं ठेवायच्या नादी लागूच नका. तो नीट शिजायलाच हवा आणि चिंचही हवी, नाहीतर घसा खाजेल.

आणि हो, पाण्यात उकळल्याने क जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात पाण्यात उतरतं, ते आपण ओतून देतो. तेवढ्यापुरतं वन्संचं "सत्त्व जातं" बरोबर आहे, फक्त ते वाफेवाटे जात नाही, मोरीवाटे जातं. म्हणून रोजच्या ताकातल्या पालकाला मी हा खटाटोप करत नाही. ताक पडलं की रंग तसाही मळतो, आणि घरात कोणी तक्रारही करत नाही.

डब्याचं म्हणाल तर भाजी गरम भरून झाकण लावलंत की तो छोटा कुकरच झाला. परातीत पसरून गार करा, मग भरा.