बढती सहकारी मैत्रिणीला मिळाली, तिला काय मेसेज पाठवू?

टीम लीडच्या एकाच जागेसाठी आम्ही दोघंही होतो, निवड तिची झाली. मनापासून वाटेल असं काय लिहू?

ऑफिसच्या ग्रुपवर नुसतं ‘अभिनंदन’ पुरे. खरा मेसेज तिला वेगळा आणि त्याच दिवशी पाठवा. उशीर झाला की तुम्ही नाराज आहात असाच अर्थ निघतो. चार-पाच वाक्यं लिहा, उदाहरणार्थ:

‘मनापासून अभिनंदन! मार्चच्या ऑडिटच्या वेळी तू सगळ्यांची कामं वाटून दिलीस, म्हणून आपण वेळेत सुटलो. ते लक्षात आहे. मीही या जागेसाठी होतो, त्यामुळे थोडं वाईट वाटलं, पण निवड योग्य झाली आहे. माझ्याकडच्या दोन क्लायंटच्या फाइली सोमवारी बसून तुला समजावतो.’

यात सगळा भार ऑडिटच्या वाक्यावर आहे. तिचं डोळ्यांनी पाहिलेलं एक काम लिहिलं, की मेसेज उपचार वाटत नाही. त्या जागी तुम्ही पाहिलेलं तिचं काम घाला. स्वतःच्या उमेदवारीचा उल्लेख एकदाच आणि अर्ध्या वाक्यात करा. तिला ते ठाऊक असतंच, टाळलं तर उलट खटकतं. मात्र ‘मी कुठे कमी पडलो’ असं लिहिलंत, तर आनंदाच्या दिवशी तिला तुमची समजूत काढत बसावं लागेल. ‘नशीब काढलंस’ तर नकोच, त्यात तिची मेहनत पुसली जाते. आणि ‘काही लागलं तर सांग’ यापेक्षा वार आणि काम सांगितलेलं बरं, कारण उद्यापासून तुम्ही तिच्याच हाताखाली काम करणार आहात.