दरबारातला ‘तख़लिया’ आणि आपली खलबतं

जुन्या सिनेमात बादशहा ‘तख़लिया!’ म्हणतो. याचा अर्थ ‘शांतता राखा’ असाच ना?

नाही. त्या शब्दानंतर पडद्यावर काय होतं ते पाहा. कुणी नुसतं गप्प बसत नाही. दासी, पहारेकरी, दरबारी मान झुकवून, पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर जातात आणि उरतात दोघंच. ‘तख़लिया’ म्हणजे रिकामं करणं, एकांत करणं. ‘आम्हांला एकटं सोडा’ एवढा पूर्ण हुकूम त्या एका शब्दात आहे.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. मूळ अरबी धातू ‘रिकामं असणं’ या अर्थाचा. त्यातूनच ‘ख़ाली’ आला, म्हणजे रिकामा. ‘ख़लवत’ही त्यातूनच आला, म्हणजे एकांत. हा ‘ख़लवत’ मराठीत आला आणि ‘खलबत’ झाला. रायगडावर खलबतखाना दाखवतात, तो याच शब्दाचा. फरक एवढाच की मराठीनं एकांतापेक्षा त्या एकांतात होणारी मसलत उचलली. म्हणून आपण खलबतं ‘करतो’, पण उर्दूतली ख़लवत ‘मिळते’. नायक ‘ख़लवत में मिलना’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कसलाही कट नसतो, त्याला फक्त एकांतात भेटायचं असतं.

मुशायऱ्याच्या दृश्यात लोक ‘मुकर्रर’ ओरडतात आणि कोर्टाच्या दृश्यात तारीखही ‘मुकर्रर’ होते. एकच शब्द दोन्हीकडे कसा?

एकच शब्द नाही, दोन आहेत. देवनागरीत अक्षराखालचा ठिपका, म्हणजे नुक्ता, गळला की ते एकसारखे दिसतात. मुशायऱ्यातल्या ‘मुकर्रर’चा क साधा, आपल्या ‘कमळ’मधला. अर्थ ‘पुन्हा एकदा’. कोर्टातल्या ‘मुक़र्रर’चा क़ घशातून, पडजिभेजवळून येतो. अर्थ ‘ठरलेला, नेमलेला’. मराठीतलं ‘मुक्रर करणे’ या दुसऱ्याचं.

जुन्या नटांचे उच्चार ऐकताना फरक कळतो, पण सगळेच नट तितके काटेकोर नव्हते. त्यामुळे नुसत्या कानावर विसंबू नका, शब्द कुठे बसलाय ते बघा. शेर संपल्यावर एकटाच आला तर ‘पुन्हा म्हणा’. शेजारी करना, होना असं क्रियापद आणि तारीख, सज़ा, जगह असं काही असेल तर ‘ठरवणे’.

पहिल्या ‘मुकर्रर’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘तकरार’. मुळात तेच तेच पुन्हा म्हणणं, त्यावरून हुज्जत, वादावादी. नायिका ‘मुझसे तकरार मत करो’ म्हणते तेव्हा ती ‘माझ्याशी वाद घालू नकोस’ म्हणत असते. मराठी कानाला तिथं ‘तक्रार’ ऐकू येते आणि सगळा रोख बदलतो. आपल्या ‘तक्रार’साठी उर्दूत ‘शिकायत’ आहे, ‘शिकवा’ आहे.

‘मुद्दत हुई आपको देखे हुए’ हे वाक्य मी ‘भेटण्याची मुदत संपली’ असं समजत होतो. आई हसली. कुठे चुकलं?

तुमचा कान मराठी आहे, एवढंच. अर्थ आहे: तुम्हांला पाहून खूप काळ लोटला.

‘मुद्दत’ म्हणजे काळाचा पल्ला. उर्दूत ‘मुद्दत हुई’, ‘मुद्दतों बाद’ अशा वापरात तो लांबच लांब होतो. मराठीत मात्र असे अनेक शब्द फारसी राज्यकारभारातून, दफ्तरातून आले आणि कागदावर जेवढा अर्थ लागला तेवढाच पक्का झाला. मुदत म्हणजे ठरवून दिलेला काळ, आणि तो संपतो. ‘अर्ज़’ म्हणजे विनवून सांगणं, आपल्याकडे तो सही करून द्यायचा कागद झाला.

‘रज़ा’चंही तेच. मूळ अर्थ खुशी, संमती. राज़ी, नाराज़, रज़ामंद हे सगळे त्याच घरातले. निकाहाच्या दृश्यात ‘लड़की की रज़ा’ विचारतात, म्हणजे तिचा होकार विचारतात. मराठीत वरिष्ठाच्या संमतीनं गैरहजर राहणं म्हणजे रजा. जुन्या मराठीत निरोप घेताना ‘आपली रजा घेतो’ म्हणत, तिथं ती मूळची संमती अजून दिसते.

‘शिकस्त’ आणि ‘ज़ालिम’ यांचं काय? मराठीतही आहेत की.

आहेत, पण अर्थ फिरलाय. उर्दूत शिकस्त म्हणजे मोडणं, आणि त्यावरून पराभव. ‘शिकस्त दी’ म्हणजे हरवलं, ‘शिकस्त खाई’ म्हणजे हरला. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त ‘करतो’, त्यात हार नाही. खूण क्रियापदातच आहे.

ज़ालिम म्हणजे जुलूम करणारा. मराठीत ‘जालीम औषध’ गुणकारी असतं, म्हणून काहींना ‘ज़ालिम ज़माना’ म्हणजे जबरदस्त, भारी काळ वाटतो. तो निर्दय काळ आहे. प्रेयसी प्रियकराला ‘ज़ालिम’ म्हणते तेव्हाही अर्थ निर्दयच, फक्त सूर लाडाचा असतो.