७२ चे तुकडे ६ आणि १२ असे केले तर काय बिघडतं?

> "एमएस्सीच्या एंट्रन्सची तयारी करतोय. मॉड ७२ मध्ये ज्यांचा वर्ग १ येतो अशा संख्या किती? मी ७२ = ६ × १२ केलं. मॉड ६ मध्ये २, मॉड १२ मध्ये ४, म्हणून ८. आन्सर की मध्ये पण ८ च आहे. पण त्या आठ लिहायला बसलो तर काही जोड्यांना संख्याच मिळेना. कुठं चुकतंय?"

पोस्ट वाचली आणि सांगलीतली माझी बीएस्सीची परीक्षा डोळ्यासमोर आली, कारण हीच चूक मी केली होती आणि मला ती एक वर्षाला पडली.

तुमचं ८ हे योगायोगानं आलंय, आणि त्यामुळंच ते जास्त धोक्याचं आहे. तुमची एक जोडी घ्या, मॉड ६ ला १ आणि मॉड १२ ला ५. मॉड १२ ला बाकी ५ उरली की मॉड ६ ला पण ५ च उरणार, मग १ कुठून येणार? तुमच्या आठातल्या चारच जोड्या जुळतात: (१,१), (१,७), (५,५), (५,११). आणि जुळलेल्या प्रत्येक जोडीला ७२ च्या आत सहा-सहा संख्या सापडतात, त्यातल्या काहींचाच वर्ग १ येतो.

असं का, तर तुमचा मॅप x ला (x मॉड ६, x मॉड १२) या जोडीवर पाठवतो, आणि त्यात १२ ही संख्या (०,०) वर जाते. २४, ३६, ४८, ६० पण तिथंच. मॅप होमोमॉर्फिझम आहे, पण वन-वन नाही. दोन्हीकडं ७२ घटक आहेत एवढ्यावर आयसोमॉर्फिझम होत नाही. आणि दुसरा एखादा मॅप शोधू म्हणाल तर तोही मिळणार नाही, कारण तिकडची कुठलीही जोडी बारा वेळा बेरजेत घेतली की शून्य होते, इकडं १ ला शून्य व्हायला ७२ वेळा लागतात.

तुकडे कोप्राइमच पाहिजेत, ८ आणि ९. आता यात एक गोष्ट हातानं करून बघाच. जी (१,०) वर जाते अशी संख्या शोधा, म्हणजे ९ नं भाग जाणारी आणि ८ नं भागल्यावर १ उरणारी. ती ९ स्वतःच. (०,१) वर जाणारी ६४. दोघींची बेरीज ७३ म्हणजे १, गुणाकार ५७६ म्हणजे ०, आणि ९ चा वर्ग ८१ म्हणजे परत ९. अशा, वर्ग केला तरी तीच राहणाऱ्या संख्येला आयडेम्पोटंट म्हणतात, आणि रिंग खरोखर तुटते ती हिच्यामुळं. मॉड ८ ला a आणि मॉड ९ ला b पाहिजे असेल तर सरळ:

```
x = 9a + 64b (mod 72)
```

मॉड ८ ला a = १, ३, ५, ७ आणि मॉड ९ ला b = १, ८. घालून बघा, १, १९, ३७, ५५, १७, ३५, ५३, ७१ येतात. ३५ चा वर्ग १२२५, त्यातनं १२२४ म्हणजे सतरा गुणिले ७२ गेले, राहिला १. या आठही खऱ्या आहेत.

आता कुणी म्हणेल ८ पण फोडू की, २ × २ × २. नाही फुटत. आयडेम्पोटंटसाठी x(x−1) ला ८ नं भाग जायला पाहिजे, पण लागोपाठच्या दोन संख्यांत एक विषम असते, मग सगळा ८ एकाच संख्येत बसायला पाहिजे, म्हणजे x हा ० नाहीतर १. प्राइम पॉवर तशीच ठेवायची, हे माझं ठाम मत.

माझ्या पेपरात हाच प्रश्न मॉड २४ चा होता. मी ४ × ६ केलं, दोन गुणिले दोन, उत्तर ४. खरं उत्तर ८ (८ × ३ करा, चार गुणिले दोन). ५, ७, ११, १३ यांचे वर्ग करून बघितले असते तरी १ धरून पाच संख्या हातात आल्या असत्या. पण मला माझी पद्धत बरोबरच वाटत होती, म्हणून फी भरून रीव्हॅल्युएशन टाकलं. परीक्षा कार्यालयाकडनं दोन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, गुणांत बदल नाही. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागितली तर त्यावर नुसती फुली, चूक काय ते कुठंच नाही. खिडकीवरच्या बाईंनी "बेरीज बरोबर आहे" एवढंच सांगितलं. मी तपासणाऱ्याचीच चूक समजून बसलो आणि पुढच्या वर्षी एंट्रन्सला तीच फोड परत लिहिली, सीट गेली. त्या फुलीशेजारी "४ आणि ६ कोप्राइम नाहीत" एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता, याचा राग मला अजून येतो. (सगळीकडं असंच असेल असं नाही, माझ्यापुरतं सांगतोय.)

अजून एक, परीक्षेत विचारतात म्हणून. x ला (x मॉड ८, २x मॉड ९) वर पाठवणारा मॅप बेरजेसाठी आयसोमॉर्फिझम आहे, पण १ जातो (१,२) वर, मग गुणाकार टिकत नाही. वर्गाचा प्रश्न असला तर हा मॅप उपयोगाचा नाही, गुणाकार पाळणाराच पाहिजे. १ कुठं जातो ते आधी बघत जा.