उंची-वजन मोजून डोस काढला, मग डीपीडीची तपासणी कशाला?

प्रश्न: आईची (वय ६१, मोठ्या आतड्याचा कॅन्सर) परळला केमो सुरू होणार आहे. उंची-वजन घेऊन फाइव्ह-एफयूचा डोस काढलाय. आता डॉक्टर डीपीडी टेस्ट करायला सांगतायत. डोस ठरल्यावर याची गरज काय?

उत्तर: मी मुंबईतच केमोची औषधं तयार करणाऱ्या फार्मसीत काम करतो. ही तपासणी टाळू नका.

आधी डोसचा हिशेब बघू. समजा उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो आहे. दोन्हींचा गुणाकार ९२८०. त्याला ३६०० ने भागून वर्गमूळ काढलं की साधारण १.६ चौरस मीटर येतं. हे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. फॉलफॉक्स या नेहमीच्या पद्धतीत दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम औषध आधी शिरेतून एकदम देतात आणि २४०० मिलिग्रॅम पंपाने ४६ तासांत सोडतात. म्हणजे ६४० आणि ३८४०.

पण या हिशेबात आहे फक्त शरीराचा आकार. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं, ते उंची-वजनावरून कळत नाही. फाइव्ह-एफयूचा ८० टक्क्यांहून जास्त भाग यकृतातलं डीपीडी हे एन्झाइम निकामी करतं. ते बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकात जन्मतः दोष असेल, तर नेहमीचाच डोस रक्तात साचत जातो. गटार अर्धं तुंबलेलं असलं की रोजच्याएवढ्याच पावसात रस्ता भरतो, तसं. एरवी अशा माणसाला काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी निघाली तर साधारणपणे निम्म्या डोसने सुरुवात करतात: वरच्या उदाहरणात ३२० आणि १९२०. सोसलं तर पुढच्या फेऱ्यांत वाढवतात. एन्झाइम अजिबातच नसेल तर हे औषध देतच नाहीत. गोळ्या द्या म्हणाल, तर कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर फाइव्ह-एफयूच बनतं, धोका तोच.

एक मर्यादा मात्र आहे. नेहमीच्या तपासणीत जे चार बदल शोधतात, ते मुख्यतः युरोपीय लोकांमध्ये सापडलेले आहेत. आपल्याकडे दुसरेही असू शकतात. म्हणून लॅबला विचारा, कोणते बदल तपासता? रक्तातल्या युरॅसिलची पातळी मोजूनही अंदाज येतो, कारण युरॅसिल मोडणारं एन्झाइमही तेच.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी पहिल्या फेरीनंतर लक्ष ठेवा. न थांबणारे जुलाब, पाणीही गिळता येणार नाही इतकं तोंड येणं, ताप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही पहिल्या काही दिवसांत दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने हॉस्पिटल गाठा. पंप चालू असेल तर तो बंद करायचा का, हे आधी फोनवरच विचारा. युरिडिन ट्रायअसिटेट नावाचा उतारा आहे, पण तो औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो, आणि आपल्याकडे तो सहज हाताशी नसतो.