सबनेटिंगचं गणित आणि कॅमेऱ्यांना उघडं पडलेलं दार

«मॅडम, सिक्युरिटीच्या सर्टिफिकेशनची तयारी करतोय. बाकी सगळं जमतं, पण सबनेटिंग आलं की हातपाय गळतात. बायनरी मांडेपर्यंतच वेळ संपतो, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हेही कळत नाही. माझं गणित कच्चं आहे. हा भाग सोडून दिला तर चालेल का?»

सोडू नका. यात लागणारं गणित दुप्पट करत जाण्यापुरतंच आहे: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एक विद्यार्थिनी आली होती. तिची वही पाहिली तर बायनरीची पानंच्या पानं भरलेली, आणि त्यात एकही चूक नाही. चूक होती ती जागा कुठून वाटायला घ्यायची, यात.

तिचा सराव प्रश्न असा होता: कंपनीला `172.16.8.0/22` मिळालंय. मुख्य कार्यालयात ३०० यंत्रं, एका शाखेत १२०, दुसऱ्या शाखेत ६० आणि सीसीटीव्हीचे २५ कॅमेरे. चारही गट वेगळे करा.

तिने सोपं म्हणून लहानापासून सुरुवात केली. कॅमेऱ्यांना `172.16.8.0/27`, म्हणजे शेवटचा आकडा ० ते ३१. मग उरलं तिथून पुढे ६० यंत्रांच्या शाखेला `172.16.8.32/26`. वरवर बघितलं तर काहीच खटकत नाही.

पण `/26` चा गट ६४ पत्त्यांचा असतो, आणि तो ६४ च्या पटीतच सुरू होतो: ०, ६४, १२८, १९२. ३२ वर तो सुरू होऊच शकत नाही. `172.16.8.32/26` असं लिहिलं तरी त्याचा खरा अर्थ ० ते ६३ असाच होतो. आता फायरवॉलवर «या शाखेला हिशेबाच्या सर्व्हरकडे जाऊ द्या» असा नियम याच पत्त्याने लिहिला, तर सगळे कॅमेरेही त्या दारातून आत येतात. उलट शाखेतल्या ज्या यंत्रांना ६४ ते ९५ मधले पत्ते दिले, ती बाहेरच राहतात. काही यंत्रं चालतात, काही नाहीत, आणि बिचारा तंत्रज्ञ केबल तपासत बसतो! काही उपकरणं असा पत्ता सरळ नाकारतात, काही मात्र मुकाट्याने ० वर आणून ठेवतात. पायथॉन नाकारतं, म्हणून सरावाला ते बरं:

```
import ipaddress
ipaddress.ip_network("172.16.8.32/26")
# ValueError: 172.16.8.32/26 has host bits set
```

मी तिला एवढंच सांगितलं, की मोठ्यापासून वाट. मोठा गट आधी बसवला की त्याच्या शेवटानंतर येणारा आकडा लहान गटाच्या पटीत आपोआप बसतो.

मुख्य कार्यालयाच्या ३०० ला २५६ पुरत नाहीत, म्हणून ५१२, म्हणजे `/23`. सुरुवात `172.16.8.0`, शेवट `172.16.9.255`. इथे उडी तिसऱ्या आकड्यात दोनाची असते, त्यामुळे तो सम हवा. ८ चालतो, ९ चालला नसता. १२० च्या शाखेला १२८ चा गट: `172.16.10.0/25`. ६० च्या शाखेला `172.16.10.128/26`. कॅमेऱ्यांना ३२ चा गट: `172.16.10.192/27`, जो २२३ वर संपतो. `172.16.10.224` पासून पुढचे २८८ पत्ते शिल्लक.

६० च्या शाखेपाशी जरा थांबा, कारण प्रश्न काढणाऱ्यांना ही जागा फार आवडते. ६४ पैकी पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला ६२. त्यातला एक राउटरला जातो. यंत्रं ६० आहेत म्हणून भागलं. ६२ असती तर `/25` घ्यावं लागलं असतं.

परीक्षेत बहुतेक वेळा उलटं विचारतात: `172.16.10.200/27` हे यंत्र कोणत्या नेटवर्कमध्ये? `/27` चा मास्क `255.255.255.224`. 256 - 224 = 32. ३२ च्या पटीतला, २०० च्या आतला सर्वांत मोठा आकडा १९२. म्हणजे तो कॅमेरा आहे. बायनरीची गरजच पडली नाही. तुम्हीही आधी ही वजाबाकी करा आणि मग पट मोजा. बायनरी फक्त पडताळणीला ठेवा.

एक गोष्ट मात्र पर्याय निवडताना लक्षात असू द्या. चार सबनेट केले म्हणजे चार गट एकमेकांपासून तुटले, असं होत नाही. मधला राउटर सगळ्यांचे रस्ते ओळखतो आणि अडवायला सांगितलं नसेल तर कॅमेऱ्याची पॅकेट्स निमूटपणे सर्व्हरकडे पोचवतो. «सबनेट वेगळं केलं, आता सुरक्षित» असा पर्याय दिसला, की त्यासोबत अडवणारा नियम कुठे लिहिलाय ते शोधा. नियम नसेल तर तो पर्याय खोडा.