थर्मासमधला चहा आणि पलंगाचा पाय

*ताई,*

*लग्नाला अकरा वर्षं झाली. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, पैशाची ओढाताण नाही. तरी गेलं वर्षभर आमच्या नात्याला वाळवी लागल्यासारखं वाटतंय. वरून सगळं धड, आतून पोकळ. बायको नर्स आहे, पहाटे साडेपाचला घर सोडते. माझं काम अमेरिकेच्या वेळेचं, झोपायला एक-दीड वाजतो. माझ्या बाजूने मी काही कमी पडू देत नाही. मुलीचा डबा, अभ्यास, बिलं, सगळं बघतो. पूर्वी पहाटे हिच्याबरोबर उठायचो, पण आता चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवतो, उगाच दोघांची धावपळ नको. ती दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. वॉर्डात पोचल्याचा मेसेज तेवढा रोज येतो.*

*मित्राकडून आय चिंगचं, म्हणजे शकुन बघायच्या जुन्या चिनी ग्रंथाचं, इंग्रजी पुस्तक आणलं. 'आमचं काय होणार?' असं विचारून दोन रुपयांची तीन नाणी सहादा टाकली. छाप्याला तीन, काट्याला दोन धरून खालून वर बेरजा आल्या ६, ८, ८, ८, ८, ७. आकृती २३, स्प्लिटिंग अपार्ट. त्यात पलंग नासत नासत माणसाच्या कातडीपर्यंत येतो आणि शेवटी एकच मोठं फळ उरतं. ते फळ मीच, असं वाटून रडू आलं. ऑफिसातून सहा महिने हैदराबादला जायची संधी आहे. थोडं लांब जावं का? की पुन्हा एकदा नाणी टाकून बघू?*

*— एक वाचक, पुणे*

थर्मास कधी घेतलास रे?

एवढ्या पत्रात मला तोच दिसला. डबा, बिलं, अभ्यास यांच्या ओळीत तू तो बसवलास, कामाच्या यादीतलं आणखी एक काम म्हणून. मी असा चहा प्यायले आहे. वडील आजारी असताना दवाखान्याच्या बाकावर, पहाटे. रात्री भरलेला दुधाचा चहा पहाटेपर्यंत गरम राहतो, हे खरं. पण झाकण उघडलं की पहिल्यांदा कोंदट वास येतो, वर तपकिरी साय आलेली असते, वेलदोड्याचा मागमूस नसतो आणि घोट घेतला की जिभेवर धातू लागतो. त्या चहाने झोप उडते. पण आपल्यासाठी कुणीतरी उठलं होतं, असं तो प्यायल्यावर वाटत नाही.

आता तुझी आकृती. ती तू चुकीची वाचलीस, आणि चुकलास तो नेमका थर्मासपाशीच.

आय चिंगची आकृती घरासारखी खालून वर बांधतात. पहिल्यांदा टाकलेली नाणी म्हणजे जमिनीलगतची रेघ, सहाव्यांदा टाकलेली म्हणजे छप्पर. ७ आणि ८ या ठाम बेरजा, त्या रेघा जागच्या जागी राहतात. ६ आणि ९ या पिकलेल्या, उलटायला आलेल्या. तुझ्या सहा बेरजांत असा आकडा एकच आहे, पहिला. तीनही काटे पडले म्हणून ६. तेव्हा आकृतीचा मुख्य मजकूर सोडला तर तुला वाचायची ओळ एकच होती, सगळ्यात खालची. कातडी येते चौथ्या ओळीत, आणि तुझी चौथी ओळ हललेलीच नाही. फळ सहाव्या ओळीतलं, तिथे तुझा ७ आहे, तीही स्थिर. म्हणजे ज्या फळासाठी तू रडलास ते तुझ्या वाट्याला आलेलंच नव्हतं. एवढ्या मजकुरातून तू आपल्यासाठी नेमकी तीच जागा शोधलीस, वर एकटं उरलेलं, शहाणं, न खाल्लेलं फळ. याचा मला राग आला. खोटं कशाला बोलू?

तुझी ओळ सांगते की पलंग पायापासून सोलला जातोय. पुढे एक शब्द आहे, तो जाणकार दोन तऱ्हांनी वाचतात. काही म्हणतात, निष्ठेचा नाश होतो. काही म्हणतात, निष्ठा तुच्छ लेखली जाते. आणि शेवटी, अशुभ. मला दुसरा अर्थ पटतो. नाश म्हटला की कुणीतरी बाहेरून येऊन तो केला असं वाटतं, तुच्छ मात्र आपणच लेखतो. रोजची, साधी, कुणाच्या नजरेत न भरणारी गोष्ट 'उगाच धावपळ' वाटायला लागते, तेव्हा हेच झालेलं असतं.

पलंगाचा पाय कोण बघतो? चादर बदलतो, गादी झटकतो. पाय तेवढा खाली, अंधारात, आणि सगळा भार त्याच्यावर. हा मजकूर जुन्या चिन्यांनी फार विचाराने रचलाय. पहिल्या ओळीत पाय, दुसरीत चौकट, चौथीत कातडी. झीज खालून चढत जाते. तुमची अजून पायाशी आहे. ती कातडीपर्यंत चढली असती तर तो पोचल्याचा मेसेज तुला आला नसता. 'तेवढा रोज येतो' असं लिहून तू तो उडवून लावलास. बारा तासांच्या धबडग्यात शिरण्याआधी बाई फोन काढून एका माणसाला सांगते की मी नीट पोचले. अरे, तिच्या बाजूचा पाय अजून उभा आहे!

आणि ही वाळवी कुठून आणलीस? इंग्रजी नावावरून तुला फुटणं, दुभंगणं असं काही वाटलं असेल. चिनी नाव आहे 'पो', आणि त्याचा अर्थ सोलणं. साल काढणं, कातडं उतरवणं. ज्या चिनी अक्षराने ते लिहितात त्याच्या एका अंगाला सुरीची खूण आहे. वाळवी आपोआप लागते, तिच्यासाठी कुणाला बोल लावता येत नाही, म्हणून ती सोयीची. सुरी कुणाच्या तरी हातात असते. तुमच्या घरात ती तुझ्या हातात होती. तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. जागरणाने जीव जातो, तीन-साडेतीन तासांच्या झोपेनंतर उठवत नाही, तेही कळतं. पण पहाटेची ती वीस मिनिटं तू कापलीस. आणि ती कापताना 'तुला त्रास नको' असं तिलाच सांगितलंस. त्यावर ती काय बोलणार होती? मला त्रास हवाय, असं?

तू स्वतःला वरची रेघ समजलास ना? मग वरच्या रेघेचं काम काय तेही बघ. या आकृतीत खाली पाच तुटक रेघा आहेत आणि वर एकच सलग, जमिनीवर टेकलेला डोंगर. त्यावरचं जुनं भाष्य असं की वरच्याने खालच्याला भरभरून द्यावं, म्हणजे राहतं घर स्थिर होतं. डोंगर उभा राहतो तो खालच्या मातीच्या जाडीवर, स्वतःच्या उंचीवर नव्हे. तू बिलं भरतोस, डबा करतोस, ते सगळं घराला मिळतं. तिच्या एकटीच्या वाट्याला जे येत होतं, ते तू थर्मासात बंद केलंस.

तो ६ उलटला की खालची तुटक रेघ सलग होते आणि आकृती २७ तयार होते. तू त्या पानापर्यंत गेलाच नाहीस, नाहीतर लिहिलं असतंस. तिचं नाव 'यी', म्हणजे जबडा, आणि त्यावरून पोषण. वर एक सलग रेघ, खाली एक सलग रेघ, मध्ये चार तुटक. उघडं तोंड आणि आत दात, असं ते चित्र. मजकूर सांगतो की माणूस कुणाला काय भरवतो आणि स्वतःच्या तोंडात काय घालतो, ते बघा. भाष्य सांगतं, बोलण्यात जपून, खाण्यापिण्यात माफक. पलंगाचा पाय दुरुस्त झाला की त्यातून तोंड, घास, घोट निघतो. तुझं पत्र हातात धरून मी ते पान उघडलं तेव्हा क्षणभर गप्प बसले. तिच्या मनातलं नाण्यांना कळतं असं मी म्हणत नाही. पण तू ज्याच्यावरून घसरून पुढे गेलास तिथे त्यांनी बोट ठेवलंय, एवढं मला दिसतं.

हैदराबादला जायचं नाही. हे माझं मत तर आहेच, पण २३ च्या मुख्य मजकुरातही एवढंच एक वाक्य आहे की कुठेही जाणं हिताचं नाही. खालचा पाय झिजलेला असताना पलंग उचलून दुसरीकडे नेत नाहीत.

नाणीही पुन्हा टाकायची नाहीत. याच पुस्तकातली चौथी आकृती उघड. पहिल्यांदा विचारलंस तर सांगेन, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं ही कटकट, आणि कटकट करणाऱ्याला मी सांगत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. तुला उत्तर मिळालंय. आवडलं नाही म्हणून ते बदलत नाही.

आज रात्री थर्मास भरू नकोस. पावणेपाचचा गजर लाव, तुझ्या उशाशी. ती आंघोळीला गेली की पातेल्यात पाणी ठेव, आलं ठेच, दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभा राहा. दोन कप गाळ आणि ओट्यापाशीच उभ्याने तिच्याबरोबर पी. ती निघाली की पुन्हा जाऊन झोप, तुला कुणी अडवत नाही. त्या वेळात 'आपलं काय बिघडलंय?' हा प्रश्न काढायचा नाही. माझ्या पत्राबद्दल, पुस्तकाबद्दल, आकृतीबद्दल अवाक्षर नको. काल वॉर्डात कोण होतं एवढं विचार, आणि ती सांगेल ते ऐक.

पहिले काही दिवस ती गप्प राहील. कदाचित म्हणेलही, 'उगाच कशाला उठलास?' तेव्हा परत अंथरुणात शिरू नकोस. इतके दिवस तूच तिला सांगितलंयस की ही धावपळ उगाच आहे, तेच ती तुला परत करतेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठ. ती उभ्याने पिता पिता खुर्ची ओढून बसली की समज, खालची रेघ सलग व्हायला लागली.

थर्मास धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळव आणि माळ्यावर टाक. आणि उद्यापासून अर्धा लिटर दूध जास्त घे.

— ताई