बोट पोटावर, दुखणं डोक्यात

लेस्टरहून एका आईचं पत्र आलं आहे. ‘मुलगी सव्वादोन वर्षांची. गेल्या चार महिन्यांत पाच वेळा असं झालं. खेळता खेळता एकदम गप्प होते, चेहरा पांढराफटक पडतो, स्वयंपाकघरात जाऊन गार लादीवर कपाळ टेकवून पडून राहते. टीव्ही लावला तर तोंड फिरवते. कुठे दुखतंय विचारलं की पोटावर बोट ठेवून “बाऊ” म्हणते. मग एकदा ओकते, तासभर झोपते आणि उठल्यावर काही झालंच नाही अशी वरणभात मागते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, दृष्ट काढ. जीपी म्हणाले, व्हायरस असेल. मला स्वतःला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. हिचं डोकं तर दुखत नसेल?’

दुखत असावं. पोटावरच्या बोटावर फार जाऊ नका. या वयात ‘दुखणं’ कळतं, पण ते शरीरात नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही, आणि पोटाची ओळख सगळ्यात आधी झालेली असते. त्यात मळमळतही असेल, तेव्हा ती अगदीच चुकीचं सांगत नाही. बोटापेक्षा कपाळ बघा. गार लादी शोधणं, उजेड आणि आवाज नकोसा होणं, पांढरं पडणं, ओकल्यावर झोप आणि झोपेनंतर पूर्ण बरं वाटणं, त्यात आईला अर्धशिशी. लहान मुलांतली अर्धशिशी अशीच दिसते. नाव अर्धशिशी असलं तरी या वयात बहुधा अर्धं डोकं दुखत नाही, सगळं कपाळ दुखतं, आणि मोठ्यांसारखा दिवसभर मुक्कामही नसतो. तास-दोन तासांत आटोपतं.

जीपींवर रागावू नका. त्यांनी तिला पाहिलं ती दहा मिनिटं ती ठणठणीत होती. पण व्हायरस पाच वेळा तोच खेळ त्याच क्रमाने करत नाही. पुढच्या वेळी ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगू नका, कारण ‘तुम्हाला कसं कळलं?’ हा प्रश्न येणारच. फोनवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक वेळचं लिहून ठेवा: किती वाजले होते, त्याआधी झोप आणि खाणं कसं झालं होतं, किती वेळ चाललं, नंतर कशी होती.

तुम्ही पाठवलेल्या पाच तारखा मी अशाच मांडून बघितल्या. तीन वेळा दुपारची झोप बुडाली होती, त्यातले दोन शनिवार वाढदिवसाच्या पार्ट्यांचे. चौथ्या वेळी लंडनचा गाडीचा प्रवास आणि लांबलेलं जेवण. पाचव्याला कारण सापडत नाही. पाचही वेळा दुपार किंवा संध्याकाळ होती, सकाळी उठल्या उठल्या एकदाही नाही. मधल्या आठवड्यांत चालणं, बोलणं, खाणं व्यवस्थित. ही शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

कारण सकाळची ओकारी वेगळी असते. डोक्यात गाठ किंवा पाणी साठल्यामुळे दाब वाढला असेल तर रात्रभर आडवं राहिल्याने तो आणखी वाढतो. मूल उठतानाच किरकिरतं, ओकतं, मग उभं राहून हिंडायला लागलं की थोडं बरं वाटतं. आईबाबांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. जुलाब नाहीत, ताप नाही, आणि उलट्या दोन आठवडे अधूनमधून चालूच आहेत, तर पोटाचं औषध बदलत बसू नका. त्याच्या जोडीला नव्याने तिरळेपणा आला, मान एका बाजूला कलली, जिना नीट चढणारं मूल भिंत धरायला लागलं, किंवा हसरं मूल दिवसचे दिवस मलूल झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ब्रिटनमध्ये मुलांमधल्या नेमक्या याच खुणा सांगणारी हेडस्मार्ट नावाची मोहीम २०११ मध्ये सुरू झाली होती. तिची यादी जीपींसमोर ठेवली तर त्यात आगाऊपणा नाही.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या आज्यांचा हात कामाला येतो. टाळूवर तेल घालताना ती रोज कशी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाळ शांत आणि बसतं असताना टाळू सपाट किंवा किंचित खोलगट हवी. रडताना ती फुगते, ते चालतं. शांत असतानाही ताठ, फुगलेली लागली, तर थेट इस्पितळ. डोक्याचा घेर रेड बुकमधल्या रेषा ओलांडत वर चालला असेल, तर तेही दाखवा.

तापात न थांबणारं किंचाळल्यासारखं रडणं, उठवूनही न उठणं, किंवा काचेचा पेला दाबूनही न जाणारे लालजांभळे ठिपके दिसले, तर ९९९. आपल्या सावळ्या कातडीवर ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीच्या आतली बाजू आणि तोंडाच्या आतला वरचा भाग बघा. बाळांमध्ये मान आखडलेली नसतानाही मेंदूज्वर असू शकतो. आणि हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांचंच डोकं जड होतंय, बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं असेल तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

झोपताना डोकं उशीवर तालात आपटणारी मुलं मात्र बहुतेक वेळा मजेतच असतात. ती सवय असते, दुखणं नव्हे.

तुमच्या मुलीला बालरोगतज्ज्ञांनी एकदा तपासावं असंच मी म्हणेन. चार वर्षांखालचं डोकं वारंवार दुखत असेल तर मला तेवढं हवंच असतं. ते चालवून बघतील, डोळ्यांत आतून बघतील, डोकं मोजतील. ‘पुण्यात लगेच स्कॅन केला असता’ असं भावजय म्हणेल. पण सीटी म्हणजे किरणोत्सर्ग, आणि या वयात एमआरआय बहुतेकदा भूल देऊनच करावा लागतो. तपासणीत काही खटकलं तरच त्याला अर्थ आहे.

त्रास सुरू झाला की खोली अंधारी करा, घोट घोट पाणी द्या, आणि पॅरासिटामॉल ओकारीच्या आधी, लवकर द्या. बारा किलोच्या तुमच्या मुलीला १८० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिली सिरपचे साडेसात मिली. दोन डोसमध्ये निदान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आठवड्यात दोनहून जास्त दिवस लागू लागलं तर डॉक्टरांना कळवा. ॲस्पिरिन अजिबात नको.

इथे एक मोठी चूक होते. सासूबाईंनी बॅगेतून आणलेले भारतातले ड्रॉप्स १०० मिलिग्रॅम प्रति १ मिली असतात. तेच साडेसात मिली दिले तर ७५० मिलिग्रॅम पोटात जाईल, चौपटीहून जास्त. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय इथला चमचा तिथल्या औषधाला लावू नका. सुंठेचा लेप आणि बामही राहू द्या. मूल हात लावतं आणि तोच हात डोळ्यात जातो. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर तिच्या खोलीपासून लांब ठेवा.

आणि नर्सरीत एक चिठ्ठी द्या. ‘बाऊ’ म्हणजे दुखतंय, आणि ती पोट दाखवेल तेव्हा जमिनीवर कपाळ टेकवते का तेही बघा. त्या इंग्रज बाईंना हा शब्द ठाऊक असण्याचं काही कारण नाही.